दर खरंच बदलला, की फक्त तक्ता?

महाराष्ट्रात जमीन-घरांचे सरकारी दर, म्हणजे रेडी रेकनर, २०२२ नंतर १ एप्रिल २०२५ रोजी बदलले. समजा, एका मूल्यांककाने नव्या पीडीएफमधला तक्ता एक्सेलमध्ये उतरवला. शेजारी जुन्या दरांची गेल्या वर्षी केलेली फाइल ठेवली. आता नेमके कोणते दर बदलले?

ओळीसमोर ओळ ठेवून हे कळत नाही. मध्येच एक नवा विभाग आला, की खालच्या सगळ्या ओळी सरकतात आणि सगळेच दर बदललेले दिसतात. म्हणून तालुका, गाव आणि विभाग क्रमांक जोडून प्रत्येक ओळीची ओळख ठरवायची आणि त्यावरून जोड्या लावायच्या. जोडी न सापडलेल्या ओळींची यादी वेगळी.

त्याआधी सफाई हवी. ‘१,२५,०००’ आणि ‘१२५०००’ माणसाला सारखे, संगणकाला वेगळे.

उरलेला प्रत्येक फरक खरा असतोच असे नाही. जुन्या फाइलमध्ये ५८,५०० चे ५३,५०० झाले असेल, तर न झालेली वाढ यादीत येते. एकाच पानावरचे सगळे रकाने बदललेले दिसले, तर रकाना सरकल्याची शंका घ्यावी. यादीतला दर वापरण्यापूर्वी दोन्ही वर्षांच्या मूळ पीडीएफ उघडून पाहाव्यात.