अट डिप्लोम्याची, माणूस आयटीआयचा

पुण्याजवळच्या एका वाहनभाग कारखान्यात मी क्वालिटी विभाग सांभाळतो. गेल्या वर्षी आमच्या स्टँडर्ड रूममध्ये, म्हणजे जिथे जॉब मोजले जातात त्या वातानुकूलित खोलीत, क्वालिटी इंजिनिअरची एक जागा भरायची होती. जाहिरातीत लिहिलं होतं : मेकॅनिकल डिप्लोमा किंवा बीई, अनुभव पाच वर्षं. पोर्टलवर अर्ज भरताना शिक्षणाचा रकाना असतो. त्यात ‘आयटीआय’ निवडलं की अर्ज तिथेच बाद होतो, कुणाच्या टेबलावर येतच नाही. मला जो मुलगा हवा होता त्याचा अर्ज म्हणूनच पोर्टलवरून आला नाही. आमच्या एका पुरवठादाराने त्याचा बायोडेटा माझ्या हातात दिला होता.

फिटर ट्रेडचा दोन वर्षांचा आयटीआय, मग शिकाऊ उमेदवारी, तिचं राष्ट्रीय प्रमाणपत्र आणि त्यानंतर नऊ वर्षं मोजमापाच्याच कामात. त्यातली शेवटची सहा वर्षं त्याने सीएमएम चालवला होता. सीएमएम म्हणजे ग्रॅनाइटच्या टेबलावर जॉब ठेवून बारीक टोकाच्या प्रोबने त्याच्या पृष्ठभागाला जागोजागी स्पर्श करत मोजणारं यंत्र. त्याचा प्रोग्रॅम हा मुलगा स्वतः लिहीत होता.

अशा वेळी खात्याचा प्रमुख एचआरला जे टिपण लिहितो ते बहुधा दोन ओळींचं असतं : ‘उमेदवार अतिशय हुशार व मेहनती आहे, कृपया विशेष बाब म्हणून विचार व्हावा.’ मीही आधी असंच लिहिलं होतं आणि ते परत आलं. परत आलं ते योग्यच झालं, कारण त्यात माझं मत सोडून काहीच नव्हतं. हुशार आणि मेहनती तर प्रत्येकाचाच भाचा असतो.

एचआरच्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला, “सर, डिप्लोमाची अट तुमच्याच खात्याने घातली होती ना? कशासाठी घातली होती?”

उत्तर शोधायला मला दोन दिवस लागले. जुने लोक म्हणाले, आधीच्या साहेबांनी दुसऱ्या कारखान्यातून वर्णनपत्र उतरवून घेतलं होतं. पण ते कारण टिपणात लिहिण्यासारखं नव्हतं. मग मी उलट बाजूने विचार केला. डिप्लोमावाल्याला जे येतं असं आपण धरून चालतो, त्यातलं या खुर्चीला काय लागतं? तीन गोष्टी निघाल्या. ड्रॉइंग वाचता येणं, आकड्यांवरून मोजणी विश्वासार्ह आहे की नाही ते सांगता येणं आणि ग्राहकाला इंग्रजीत अहवाल लिहिता येणं. बाकी अभ्यासक्रमातलं थर्मल आणि फ्लुइड मशिनरी स्टँडर्ड रूममध्ये कुणी विचारत नाही.

या तीन गोष्टींची मी चाचणी घेतली. ती फक्त त्याचीच घेतली असती तर तिला अर्थ राहिला नसता, म्हणून डिप्लोमा आणि बीई असलेल्या, मुलाखतीपर्यंत आलेल्या चौघांनाही तोच जॉब, तेच ड्रॉइंग आणि तोच एक तास दिला.

ड्रॉइंगवर एक होल होतं, व्यास १०.० ते १०.२ मिलिमीटर. त्याची जागा किती चुकली तर चालेल, तर ०.३. म्हणजे होलचं केंद्र ०.३ मिलिमीटर व्यासाच्या एका काल्पनिक वर्तुळात पडलं पाहिजे. जॉबवर मोजलं तर केंद्र आडवं ०.१२ आणि उभं ०.१४ सरकलेलं. तिरकं अंतर ०.१८४ आणि व्यासाच्या हिशेबात ते दुप्पट, सुमारे ०.३७. म्हणजे ०.३ पेक्षा जास्त. चौघांपैकी तिघांनी इथेच थांबून ‘रिजेक्ट’ लिहिलं. चौथ्याचा गुणाकारच चुकला.

या मुलाने ड्रॉइंगवर ०.३ च्या शेजारी असलेलं वर्तुळातलं एम अक्षर पाहिलं. त्या अक्षराचा अर्थ असा की होल सगळ्यात लहान मापाचं असेल तेव्हाच ०.३ ची मर्यादा लागू. होल जितकं मोठं निघेल तितकी सूट वाढते, कारण मोठ्या होलमध्ये बोल्ट थोडा सरकूनही बसतो. प्रत्यक्षातलं होल १०.१ चं होतं, लहानात लहान मापापेक्षा ०.१ ने मोठं. म्हणून मर्यादा ०.४ झाली आणि ०.३७ पास. त्याने खाली लिहिलं, ‘OK, bonus 0.1’, आणि समोर पडलेला बोल्ट घालून दाखवला. बोल्ट घालायला मी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या भागात तो अडखळला. एकच माप तीन माणसांनी दहा जॉबवर पुन्हा पुन्हा घेतलं तर आकड्यांतला किती फरक जॉबचा आणि किती मोजणाऱ्याचा व गेजचा, हे काढायची पद्धत आहे. गेज आणि माणसाचा वाटा दहा टक्क्यांच्या आत असला तर उत्तम, तिसाच्या वर गेला तर ती मोजणी टाकाऊ, आणि मधल्या पट्ट्यात कामाचं महत्त्व बघून ठरवायचं. त्याला हे तक्त्यात भरता येत होतं. पण बावीस टक्के आल्यावर पुढे कुठे शोधायचं, ते नीट सांगता आलं नाही. आणि इंग्रजी अहवाल वाईट होता. वाक्यं तुटक होती, एक तर उलट अर्थाचं.

दुसरं टिपण मी हे सगळं धरून लिहिलं. आमच्याकडे अशी टिपणं इंग्रजी-मराठीच्या खिचडीत चालतात. त्याचं मराठी रूप साधारण असं :

‘क्वालिटी इंजिनिअर पदासाठी डिप्लोमाची अट ड्रॉइंग-वाचन, मोजणीचं विश्लेषण आणि अहवाल-लेखन यांची खात्री म्हणून होती. उमेदवाराकडे डिप्लोमा नाही. पाच उमेदवारांना एकच चाचणी दिली, उत्तरपत्रिका सोबत जोडल्या आहेत. ड्रॉइंग-वाचनात हा उमेदवार पाचांत पहिला. विश्लेषणात मध्यम, सहा महिन्यांत प्रशिक्षण देण्याची जबाबदारी माझी. इंग्रजी अहवालात कमी. पहिलं वर्ष त्याचे अहवाल वरिष्ठ इंजिनिअर तपासून सही करतील. या पदासाठी कायद्याने पदवी वा परवाना सक्तीचा नाही. ग्राहकांच्या करारांत शिक्षणाची अट नाही, तिन्ही करार पाहिले.’

शेवटची दोन वाक्यं लिहायला सगळ्यात जास्त वेळ गेला आणि ती नसती तर टिपणाला किंमत नव्हती. काही खुर्च्यांची अट कारखान्याच्या हातात नसते. मोठ्या कारखान्यातला सेफ्टी ऑफिसर कोण असावा हे राज्याचे नियम ठरवतात. औषध विक्रीच्या काउंटरला १९४८ चा फार्मसी कायदा नोंदणीकृत फार्मासिस्ट मागतो. तिथे कितीही चांगला माणूस असो, असं टिपण लिहिणं म्हणजे मालकाला अडचणीत टाकणं. आमच्या जागेला तसा कायदा नव्हता. पण नाही हे तपासून लिहावं लागतं, गृहीत धरून चालत नाही.

ऑडिटचं भूत मात्र सगळ्यांच्या मनात असतं. ‘आयएसओला डिप्लोमा लागतो’ हे वाक्य मी कारखान्यांत शेकडो वेळा ऐकलं आहे. आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत कलम ७.२ आहे. ते म्हणतं, माणूस योग्य शिक्षण, प्रशिक्षण किंवा अनुभव यांच्या आधारे सक्षम असला पाहिजे आणि त्याचा पुरावा जपून ठेवला पाहिजे. मधलं ‘किंवा’ कुणी वाचत नाही. ऑडिटर पकडतो ते वेगळंच. तुमच्याच कागदावर डिप्लोमा लिहिलेला असतो, खुर्चीत आयटीआयवाला असतो आणि सूट कुणी, कधी, कशावरून दिली याचा कागद नसतो. तुम्ही स्वतः लिहिलेला नियम स्वतःच मोडला, एवढीच त्याची नोंद. म्हणून असं टिपण फोनवर किंवा चहाच्या टपरीवर मिटवण्यापेक्षा कागदावर असलेलं बरं. त्याहून वाईट म्हणजे फॉर्ममध्ये ‘डिप्लोमा समकक्ष’ असं गुळमुळीत लिहून पुढे ढकलणं. पार्श्वभूमी तपासणारी एजन्सी विद्यापीठाकडे किंवा मंडळाकडे विचारते, लाल शेरा येतो आणि खोटं बोलल्याचा डाग कंपनीवर न लागता त्या पोरावर लागतो.

टिपण वाचून मॅडमनी कायदा, ऑडिट काहीच काढलं नाही. त्या म्हणाल्या, “बाहेरच्याला सूट दिली तर आतल्यांना काय सांगू?”

आमच्याच शॉपवर आयटीआय झालेले तीन इन्स्पेक्टर होते. त्यातल्या दोघांनी आधी याच पदासाठी विचारलं होतं आणि ‘डिप्लोमा करून या’ म्हणून मीच परत पाठवलं होतं. एका मुलासाठी अट सैल करायला निघालो होतो आणि हे दोघं माझ्या लक्षातही नव्हते. सरकारी भरतीत हाच मुद्दा निर्णायक ठरतो. आंध्रातल्या विजयनगरम् जिल्ह्यातल्या निवासी शाळेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये म्हटलं होतं की जाहिरातीतली पात्रता डावलून नेमणूक केली तर प्रश्न नेमणारा आणि उमेदवार या दोघांपुरता राहत नाही. ती पात्रता नाही म्हणून ज्यांनी अर्जच केला नाही, त्या सगळ्यांवर तो अन्याय असतो. खासगी कारखान्याला हा निवाडा बांधत नाही. पण कँटीनमध्ये आयटीआयवाले जेवताना जे बोलतील ते याहून वेगळं नसतं.

म्हणून तिसरं टिपण लिहिलं आणि त्यात उमेदवाराचं नाव नव्हतं. पदाच्या वर्णनपत्रातच ‘किंवा आयटीआय, शिकाऊ उमेदवारीचं राष्ट्रीय प्रमाणपत्र आणि मोजमापाच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव, सर्वांना समान लेखी व प्रात्यक्षिक चाचणी’ अशी भर घालावी, पोर्टलची चाळणी बदलावी आणि जागा आठ दिवस आतल्या लोकांसाठीही खुली ठेवावी, एवढंच मागितलं. ते चार दिवसांत मंजूर झालं. दोन दुरुस्त्या एचआरने सुचवल्या होत्या. तीन वर्षांत डिप्लोमा पूर्ण करण्याची अट घालावी, ही पहिली. ती मी मानली नाही. कामाला डिप्लोमा लागत नाही असं आपणच लिहिलं, मग तो मागायचा कशाला? शिकायचं असेल तर दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, फी कंपनीने द्यावी, पण सक्ती नको. दुसरी दुरुस्ती पगाराची होती : एक श्रेणी खाली ठेवावं. इथे मी हरलो. काम तेच, सही तीच, आणि पहिलं वर्ष पगार कमी. ते मला अजून पटलेलं नाही.

तो मुलगा जून महिन्यात रुजू झाला. आठ दिवसांत आतल्या तिघांपैकी दोघांनी अर्ज केले. एकाने होल रिजेक्ट केलं. दुसऱ्याने एम पाहिला, पास लिहिलं, आणि पुढची जागा निघाली तेव्हा ती त्याला मिळाली. सध्या रात्रपाळीचा सीएमएम तो सांभाळतो.