पाणी गळते, तरी डोळा कोरडा

डोळा कोरडा पडल्याची सर्वांत फसवी खूण म्हणजे डोळ्यातून पाणी गळणे. बुबुळावरचा ओलावा सुकला की तिथल्या नसा चुरचुरतात आणि अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. हे पाणी पातळ असते. ते गालावर ओघळते, डोळ्यावर टिकत नाही. त्यामुळे रुग्ण ‘पाणी येतं’ म्हणून दवाखान्यात जातो आणि कोरडेपणाचे निदान ऐकून चक्रावतो.

बुबुळावर अश्रूंचा अतिशय पातळ पडदा असतो. पाणी आणि त्याला डोळ्यावर धरून ठेवणारे श्लेष्मल द्रव्य मिळून हा पडदा होतो आणि त्यावर तेलाची साय असते. ही साय नसेल तर पाणी भराभर उडून जाते. तेल येते ते पापण्यांच्या कडेतल्या मायबोमियन ग्रंथींतून. वरच्या पापणीत त्या साधारण 25 ते 40 असतात, खालच्या पापणीत थोड्या कमी. प्रत्येक उघडझापीला त्यांतून किंचित तेल बाहेर येते.

कोरडेपणाचे दोन मुख्य मार्ग आहेत. एकात पाणीच कमी तयार होते. वाढते वय, अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या किंवा शोग्रेन हा विकार अशी त्याची कारणे असतात. डोळ्यांबरोबर तोंडही कोरडे पडत असेल आणि सांधे दुखत असतील, तर शोग्रेनची तपासणी करायलाच हवी. दुसऱ्या मार्गात पाणी पुरेसे असते, पण ते टिकत नाही. हा प्रकार जास्त आढळतो आणि त्यामागे बहुतेकदा तुंबलेल्या तैलग्रंथी असतात. अनेक रुग्णांत दोन्ही प्रकार एकत्र असतात.

उदाहरणादाखल बँकेत काम करणारी पन्नाशीतली एक महिला घेऊ. पाळी थांबलेली, दिवसभर संगणक आणि डोक्यावर एसी. स्क्रीनकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, अर्धवटही होते. मग तेल ग्रंथीतच साचून घट्ट होते. दुपारनंतर डोळ्यांत रेती गेल्यासारखे खुपते, अक्षरे धूसर होतात आणि पापणी मिटली की पुन्हा स्वच्छ दिसतात. ही शेवटची खूण महत्त्वाची आहे, कारण चष्म्याचा नंबर बदलला असता तर उघडझापीने फरक पडला नसता. डॉक्टर डोळ्यात पिवळसर रंग घालून पापणी न मिटता पडदा किती वेळ टिकतो ते मोजतात. 10 सेकंदांच्या आत तो फाटला तर तो अस्थिर मानतात. इथे तो 4 सेकंदांत फाटला. पापणीची कड दाबल्यावर स्वच्छ तेलाऐवजी टूथपेस्टसारखा घट्ट पदार्थ आला.

कृत्रिम अश्रू निवडताना हा फरक उपयोगी पडतो. सौम्य त्रासाला कार्बॉक्सिमिथिल सेल्युलोजचे 0.5 टक्क्यांचे थेंब चालतात. सोडियम हायल्युरोनेट ओलावा जास्त वेळ धरून ठेवते. तेलाची साय विरळ असेल तर तैलयुक्त थेंब निवडणे सयुक्तिक ठरते. जेलने नजर थोडा वेळ धूसर होते, म्हणून ते रात्री झोपताना घालावे. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील तर परिरक्षक नसलेले घ्यावेत, कारण बेंझाल्कोनियम क्लोराइड हे सर्रास वापरले जाणारे परिरक्षक बुबुळाच्या पृष्ठभागाला इजा करते. लाली घालवणारे थेंब म्हणजे कृत्रिम अश्रू नव्हेत. ते रक्तवाहिन्या आकसवतात आणि सवय लागली की लाली उलट वाढते.

मात्र थेंबांनी तुंबलेली ग्रंथी मोकळी होत नाही. पापण्यांना शेक देणे हा त्यावरचा पहिला उपाय आहे. साधारण 40 अंश सेल्सिअसचा ऊबदार शेक मिटलेल्या डोळ्यांवर रोज 10 मिनिटे ठेवायचा. ओला रुमाल दोन मिनिटांत गार होतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा गरम करावा लागतो. बऱ्याच जणांचा शेक इथेच फसतो. मग बोटाने वरची पापणी खाली आणि खालची वर अशी हलकेच केसांच्या दिशेने चोळायची. बुबुळावर दाब देऊ नये.

काही आठवडे हे नीट करूनही त्रास राहिला, ग्रंथींतून घट्ट तेलच येत राहिले किंवा अवरक्त छायाचित्रात ग्रंथी झिजताना दिसल्या, तर दवाखान्यातल्या उपचारांचा विचार होतो. पापणीच्या कडेला सूज असेल तर डॉक्सिसायक्लिन किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात. गरोदरपणात डॉक्सिसायक्लिन टाळतात. उष्णता आणि दाब एकत्र देणाऱ्या यंत्राने ग्रंथी रिकाम्या करता येतात. तीव्र स्पंदित प्रकाशाचे उपचार काही सत्रांत होतात, पण गडद त्वचेवर डाग पडण्याचा किंवा भाजण्याचा धोका जास्त असतो, त्यामुळे भारतीय रुग्णांत त्वचेचा रंग पाहूनच मात्रा ठरवावी लागते. हे उपचार खर्चिक आहेत आणि त्यांचा परिणाम कायमचा नसतो. पूर्ण झिजलेली ग्रंथी पुन्हा तयार होण्याचीही आशा धरता येत नाही, म्हणून तुंबलेल्या ग्रंथी जिवंत असतानाच त्यांचा उपयोग आहे. उदाहरणातल्या महिलेच्या बहुतेक ग्रंथी छायाचित्रात शाबूत दिसल्या. अशा वेळी यंत्राची घाई न करता आधी शेक आणि तैलयुक्त थेंब सहा आठवडे देऊन पाहणे योग्य. तीव्र वेदना, उजेड सहन न होणे किंवा नजर कमी होणे यांपैकी काही आढळले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.