उतारू-किलोमीटरचा हिशेब

शहराच्या बससेवेच्या तोट्याची चर्चा निघाली की बहुधा एकच आकडा पुढे केला जातो. बस एक किलोमीटर धावली म्हणजे खर्च इतका आणि उत्पन्न इतके. उरला तो तोटा. हा आकडा खोटा नसतो, परंतु त्यात बसमध्ये किती माणसे होती याचा पत्ता लागत नाही. रिकामी बस आणि दारात लोंबकळणाऱ्या माणसांची बस यांचा किलोमीटरचा खर्च जवळजवळ सारखाच. म्हणून आम्हांला दुसरे माप अधिक खरे वाटते, ते म्हणजे उतारू-किलोमीटरचे. २० उतारू १० किलोमीटर गेले तर २०० उतारू-किलोमीटर झाले. बसच्या एकंदर खर्चाला या संख्येने भागले म्हणजे एका माणसाला एक किलोमीटर नेण्यास काय पडते ते कळते.

एक बस घेऊ. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. आपापल्या गावचे घालून कोणीही हा हिशेब पुन्हा मांडून पाहावा. मार्ग १० किलोमीटरचा, दिवसाला एकेरी १८ खेपा, म्हणजे १८० किलोमीटर धाव. डिझेल लिटरला ९० रुपये आणि गाडी लिटरला ३.६ किलोमीटर चालते असे धरले, तर इंधन किलोमीटरला २५ रुपये पडते.

आता चालक-वाहकांचा खर्च. दोन पाळ्या, प्रत्येक पाळीला एक चालक व एक वाहक, म्हणजे रोज चार माणसे. परंतु साप्ताहिक सुटी, रजा, आजारपण धरता वर्षाचे ३६५ दिवस ही चार कामे भरण्यासाठी पटावर सुमारे ५.४ माणसे लागतात. माणशी महिन्याला, भविष्यनिर्वाह निधी वगैरे धरून, ५०,००० रुपये खर्च समजला तर महिन्याला २,७०,००० आणि दिवसाला ९,००० रुपये होतात. १८० किलोमीटरने भागले की किलोमीटरला ५० रुपये आले.

येथे श्रोत्यांनी क्षणभर थांबावे, कारण याच ५० रुपयांकडे बोट दाखवून पगार जड झाले असे म्हटले जाते. पगार तासावर जातो आणि भागाकार किलोमीटरने होतो, हे त्यात विसरले जाते. आमच्या बसने १५ तासांत १८० किलोमीटर कापले, म्हणजे थांबे आणि शेवटची विश्रांती धरून तासाला १२ किलोमीटर. रस्त्यावर खासगी मोटारी वाढल्या, वेग १० वर आला, की त्याच १५ तासांत धाव १५० किलोमीटर होते आणि तोच ९,००० रुपयांचा पगार किलोमीटरला ६० रुपये दिसू लागतो. कोणाच्या पगारात एक पैसा वाढलेला नसतो. उलट वेग १५ वर गेला तर तो आकडा ४० वर उतरतो. पुण्यात २००६ साली कात्रज–स्वारगेट–हडपसर रस्त्यावर बससाठी वेगळी मार्गिका आखली गेली, तेव्हा तिच्यावर पुष्कळ वाद झाला. पण अशा मार्गिकेचा पगाराच्या रकान्याशी संबंध आहे ही गोष्ट त्या वादात फारशी कोणी बोलली नाही.

घसाऱ्याचे थोडक्यात सांगतो. गाडी ६३ लाखांची, दहा वर्षांनी मोडीत ३ लाख येणार. म्हणजे वर्षाला ६ लाख झिजले. वर्षाची धाव ६०,००० किलोमीटर असेल तर किलोमीटरला १० रुपये. तीच गाडी ४०,००० किलोमीटरच चालली तर १५ रुपये. उभी गाडीही म्हातारी होतेच. टायर, वंगण, कार्यशाळा, विमा, कर आणि कचेरी यांचे मिळून १५ रुपये धरले की एकंदर किलोमीटरला १०० रुपये आणि दिवसाला १८,००० रुपये खर्च झाला.

आता भारमान. बसमध्ये आसने ४०. गर्दीच्या दिशेने चार खेपा, सरासरी ५० माणसे. त्याच वेळी उलट दिशेच्या चार खेपा, सरासरी १०. उरलेल्या दहा खेपा, सरासरी १२. खेप १० किलोमीटरची, तेव्हा दिवसभराचे ३,६०० उतारू-किलोमीटर झाले. १८० ने भागले की सरासरी २० माणसे, म्हणजे भारमान ५० टक्के. सकाळी एका पायावर उभा राहून गेलेल्या गृहस्थाला हे सांगितले तर तो हसेल. परंतु त्याला सोडून बस रिकामी परतली होती, हे त्याने पाहिलेले नसते. खर्च पडला उतारू-किलोमीटरला ५ रुपये. माणूस सरासरी ४ किलोमीटर जातो असे धरले, तर दिवसाचे उतारू ९००, आणि प्रत्येकामागे खर्च २० रुपये.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे दुपारच्या रिकाम्या खेपा बंद करणे. करून पाहू. चार खेपा काढल्या, ४० किलोमीटर वाचले. डिझेलचे २५ आणि टायर-वंगणाचे ५ मिळून किलोमीटरला ३० रुपये, म्हणजे १,२०० रुपये वाचले. चालक-वाहक पाळीवर हजरच आहेत, त्यांचे ९,००० द्यावयाचेच. घसाराही थांबला नाही. खर्च १६,८०० वर आला. परंतु ४८० उतारू-किलोमीटर, म्हणजे १२० उतारू गेले. प्रत्येकाकडून सरासरी १० रुपये मिळत असतील तर उत्पन्नही १,२०० रुपयांनीच घटले. हातात काही आले नाही.

मौज अशी, की भारमान मात्र ५० वरून ५६ टक्के झाले, आणि त्याच वेळी उतारू-किलोमीटरचा खर्च ५ रुपयांवरून सुमारे ५.४० रुपये झाला. भारमान सुधारले अशी बातमी देता येते आणि माणूस नेणे महागलेले असते. शिवाय दुपारी परतायला बस नाही म्हटल्यावर काहीजण सकाळीही दुचाकी काढतात. असे उरलेल्यांतील दहांत एक गेले तर खर्च जवळजवळ ६ रुपये होतो. मग पुढल्या वर्षी आणखी खेपा रिकाम्या सापडतात.

खेपा कधीच काढू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. एवढ्या खेपा निघाल्या की पाळ्यांचे वेळापत्रक नव्याने बसवून ती माणसे दुसऱ्या गर्दीच्या मार्गावर नेता आली, तर बचत खरी असते. केवळ डिझेल वाचले असेल तर ती तशी नसते. वेळापत्रकात पाळ्यांची संख्या बदलली की नाही, एवढे पाहिले तरी हे कळते.

भारमानाचा आकडा वाचताना आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, भागाकार आसनांनी केला की उभ्या जागा धरून? २० माणसे ४० आसनांत ५० टक्के होतात, तर ६० जागांत ३३. दुसरी, पासधारक कसे मोजले? तिकीट यंत्रात चढण्या-उतरण्याचा टप्पा उमटतो, पासवाल्याचा उमटत नाही. त्याच्या रोजच्या फेऱ्या अंदाजाने धरतात. आमच्या ९०० पैकी ३०० प्रवास हे १०० पासधारकांनी प्रत्येकी तीन वेळा केलेले आहेत असे समजा. कचेरीने तीनऐवजी चार धरले की कागदावर उतारू १,००० आणि उतारू-किलोमीटर ४,००० होतात. खर्च साडेचार रुपयांवर येतो, रस्त्यावर काहीही न बदलता. याची पारख स्वस्त आहे. मार्गाच्या मध्यावरच्या थांब्यावर वही घेऊन एक माणूस दिवसभर बसवावा, जाणाऱ्या प्रत्येक बसमधील डोकी मोजावीत, आणि ती संख्या त्याच टप्प्याच्या तक्त्याशी ताडून पाहावी.