खोक्यावरचे ४० तास, पडद्यावरची ओळ

अनबॉक्सिंगच्या रीलवर ‘प्रीमियम लुक’, ‘कडक साउंड’, ‘पैसा वसूल’ हे शब्द इतके झालेत की ते आता कोणी वाचतही नाही. आयुष्यातले पहिले वायरलेस इअरबड्‌स घेणाऱ्याच्या शंका साध्या असतात. माझ्या फोनला चालतील का? एका चार्जिंगवर किती वेळ? कानातून पडले तर? पडद्यावरच्या ओळींनी उत्तरं द्यायची ती याच प्रश्नांची. त्यातून बरेच जण रील आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणजे बोलून सांगितलेलं त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

दीड हजारांच्या आतबाहेरची एक जोडी घेऊ आणि तीस सेकंदांची रील धरू. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘४० तास प्लेबॅक’. हा आकडा जसाच्या तसा पडद्यावर टाकला, तर नवखा ग्राहक समजतो की कानात घातले की चाळीस तास चालणार. खरं गणित खोक्याच्या मागे बारीक टाइपात असतं. बड्‌स एका चार्जिंगवर सात तास, उरलेले तेहतीस तास डबीतल्या बॅटरीचे, आणि हे सगळं साधारण निम्म्या आवाजावर मोजलेलं. म्हणून पडद्यावर ओळ अशी हवी: ‘कानात ७ तास. मग डबीत ठेवा.’ चाळीसचा हिशोब कॅप्शनमध्ये सवडीने मांडता येतो.

दुसरी फसगत ईएनसी आणि एएनसी या जोडीची. ईएनसी माइकसाठी असतं. आपण रस्त्यावरून बोलत असलो तरी पलीकडच्याला गोंगाट कमी ऐकू जावा, हे त्याचं काम. आपल्या कानातला गोंगाट कमी करतं ते एएनसी, आणि तेही पंखा किंवा रेल्वेच्या डब्यातली घरघर यांसारख्या सलग, खर्जातल्या आवाजावर जास्त चालतं. शेजाऱ्याच्या गप्पांवर कमी. स्वस्त जोडीवर बहुधा नुसतं ईएनसी असतं. तेव्हा ‘नॉइज कॅन्सलेशन आहे’ असं मोघम लिहू नये. ‘कॉलवर तुमचा आवाज स्पष्ट; लोकलचा आवाज कमी होणार नाही’ एवढं लिहिलं की काम झालं.

आता खोकं उघडतानाचा क्षण. बऱ्याच बड्‌सच्या चार्जिंगच्या पिनांवर पारदर्शक प्लास्टिकचा बारीक तुकडा चिकटवलेला असतो. तो काढला नाही तर बड डबीत बसूनही चार्ज होत नाही आणि ‘एक बाजू बंद’ म्हणून वस्तू परत जाते. इथे कॅमेरा अगदी जवळ नेऊन लिहावं: ‘आधी हे काढा!’ तसंच रबरी टिप्सच्या जादा जोड्यांचं. बसवलेली टिप सहसा मधल्या मापाची असते. ती कानात सैल बसली तर बेस गायब होतो आणि बडही निसटतो. ‘आवाज पोकळ वाटतो? टिप बदला.’ ही ओळ चार सेकंद ठेवली की आरामात वाचून होते. एका वेळी सहा-सात शब्दांपेक्षा जास्त नकोत.

ओळ कुठे ठेवली यावरही बरंच अवलंबून असतं. रीलच्या तळाशी खात्याचं नाव आणि कॅप्शन येतं, उजव्या कडेला लाइक-शेअरची बटणं. तिथला मजकूर झाकला जातो. तो मधल्या पट्ट्यातच हवा. खोकं पांढरं आणि अक्षरंही पांढरी असली तर दिसणार काय? मागे गडद पट्टी द्यावी. फॉन्ट निवडताना ‘स्पष्ट’, ‘चार्जिंग’ हे शब्द टाइप करून बघावेत. ज्यात जोडाक्षर फुटतं किंवा रफार भलत्या अक्षरावर बसतो, तो फॉन्ट बाद.

बड्‌स कंपनीकडून फुकट आले असतील, तर ते सांगणं बंधनकारक आहे. जाहिरात क्षेत्राची स्वयंनियामक संस्था ‘आस्की’ हिच्या २०२१च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पंधरा सेकंदांपासून दोन मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओत तसं लेबल एकतृतीयांश वेळ दिसायला हवं. म्हणजे आपल्या रीलमध्ये दहा सेकंद. ते कॅप्शनच्या तळाला, हॅशटॅगच्या गर्दीत दडवून भागत नाही.

कॅप्शनची फक्त पहिली ओळ आपोआप दिसते, बाकीची ‘more’ दाबल्यावर. त्यामुळे निष्कर्ष आधी:

‘पहिले इअरबड्‌स? कॉल आणि गाण्यांसाठी ठीक, प्रवासातल्या गोंगाटासाठी नाही.
एका चार्जिंगवर ७ तास, डबी धरून ४०. ब्लूटूथवर चालतात, अँड्रॉइड, आयफोन दोन्ही.
घाम, शिंतोडे चालतील. नळाखाली धरू नका. डबी कोरडीच ठेवा.
किंमत रील टाकली त्या दिवशीची. बिल जपा, वॉरंटीला लागतं.’

रील टाकण्याआधी इअरबड्‌स कधीच न वापरलेल्या माणसाला ती आवाज बंद करून एकदाच दाखवावी आणि विचारावं: एका चार्जिंगवर किती तास चालतात, डबी उघडल्यावर आधी काय काढायचं, लोकलमध्ये गोंगाट कमी होईल का? ज्या प्रश्नाला तो अडखळेल, ती ओळ पुन्हा लिहायची.