लाल पाकीट आणि ‘रिअ‍ॅक्शन’ नावाचा घोटाळा

‘औषधाची रिअ‍ॅक्शन आली’ असे आपण म्हणतो तेव्हा औषध अंगाला मानवले नाही, असा अर्थ असतो. कुष्ठरोगाच्या उपचारात मात्र हाच शब्द बहुतेक वेळा वेगळ्या गोष्टीसाठी वापरला जातो. या घोटाळ्यापायी चालू उपचार सुटतो आणि हात कायमचा अधू होऊ शकतो.

एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले, तेव्हा १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. हीच एमडीटी. रोगाचा प्रकार आणि वय यांनुसार पाकिटांचे रंग ठरले. अंगात जंतू जास्त असलेल्या प्रौढ रुग्णाचे पाकीट लाल असते. ते अठ्ठावीस दिवस पुरते. पहिल्या दिवशी आरोग्य कर्मचाऱ्यासमोर रिफाम्पिसिनच्या दोन, क्लोफाझिमिनच्या तीन आणि डॅप्सोनची एक अशा सहा गोळ्या घ्यायच्या. उरलेले सत्तावीस दिवस घरी रोज क्लोफाझिमिनची एक लहान गोळी आणि डॅप्सोनची एक. अशी बारा पाकिटे जास्तीत जास्त अठरा महिन्यांत संपवायची. रिफाम्पिसिन महिन्यातून एकदाच पुरते, कारण हा जंतू अतिशय सावकाश वाढतो. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात.

आता एक उदाहरण कल्पू. भातशेतीत मजुरी करणारी पस्तिशीची एक बाई. तीन पाकिटे संपली. लघवी महिन्यातून एकदा लालसर होते ती रिफाम्पिसिनमुळे, हे तिला आधीच सांगितलेले होते. क्लोफाझिमिनने कातडी काळपटली, त्यावरून शेजारणी बोलू लागल्या, तेही तिने सोसले. चौथे पाकीट संपता संपता गालावरचा जुना चट्टा लाल होऊन सुजला, कोपराच्या आतल्या बाजूची शीर ठणकू लागली आणि करंगळीतले बळ गेले. सासू म्हणाली, “औषध उष्ण पडलं, बंद कर.” तिने बंद केले.

सासूचा तर्क चुकीचा, पण अनुभवाला धरून होता. गोळ्यांपूर्वी चट्टा मुका होता, गोळ्यांनंतर तो पेटला. खरे कारण शरीराच्या प्रतिकारशक्तीत आहे. त्वचेत आणि शिरांत बसलेल्या, मेलेल्या जंतूंच्याही अवशेषांविरुद्ध ती एकाएकी उसळते. ही उसळी उपचारापूर्वी, उपचारात आणि उपचार संपल्यावरही येऊ शकते. कधी चट्ट्यांऐवजी तापासह दुखऱ्या लाल गाठी उठतात. अशा वेळी एमडीटी चालूच ठेवायची असते आणि सूज उतरवण्यासाठी वेगळे औषध द्यायचे असते.

औषध खरोखरच बाधते, असेही कधी घडते. डॅप्सोनची अ‍ॅलर्जी बहुधा पहिल्या दीड-दोन महिन्यांत येते. अंगभर पुरळ उठतो, साल निघते, ताप येतो, डोळे पिवळे होतात. तेव्हा गोळ्या थांबवून लगेच डॉक्टर गाठायचा. जुने चट्टे पेटले, शीर दुखली किंवा बोट लुळे पडले, तर मात्र गोळ्या न थांबवता त्याच दिवशी दाखवायला जायचे.

ही बाई दोन महिन्यांनी आशाताईंना भेटली. त्यांनी पाकिटे मोजली. चार झाली होती, आठ उरली होती. सुरुवातीपासून सहा महिने गेले होते, त्यात आठ मिळवले तर चौदा, म्हणजे अठराच्या आत. उपचार पहिल्यापासून सुरू करावा लागला नाही, पाचव्या पाकिटापासून पुढे चालला. करंगळीचे बळ जाऊन सहा महिने झाले नव्हते, म्हणून ते परत येण्याची आशा होती. डॉक्टरांनी वजन, रक्तदाब, साखर पाहिली, क्षयरोग नाही याची खात्री केली आणि रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू केले. मात्रा दर दोन आठवड्यांनी उतरवत नेली, साधारण बारा आठवडे. प्रत्येक भेटीत करंगळी बाजूला ताणून धरायला लावून तिचा जोर पाहिला आणि बॉलपेनच्या टोकाने तळहाताची संवेदना तपासली. हे औषधही मनाने एकदम बंद करायचे नाही, हे तिला बजावून सांगितले. अशा उपचाराने बळ पुष्कळदा परतते, पण दर वेळी नाही. गेलेले दोन महिने म्हणूनच महागाचे.

पाकिटाचा खळगा रिकामा दिसला, तरी गोळी पोटात गेली याचा तो पुरावा नव्हे. रुग्ण ज्या काळपटपणाला कंटाळतो, तोच क्लोफाझिमिन घेतल्याची खूण असतो. औषध संपल्यावर काही महिन्यांत तो हळूहळू फिका पडतो. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे. त्यासोबत आणखी एक वाक्यही, आणि तेही सासूच्या देखत: “ताई, मधेच चट्टा सुजेल, शीर दुखेल. ते औषध उष्ण पडलेलं नसतं. गोळ्या चालू ठेवा आणि माझ्याकडे या.”