तळ हलता, वर साय निवांत

बासुंदी आटवताना साय धरली तरी आपण ती ढवळून दुधातच मोडतो. मथुरा-बनारसकडच्या लच्छेदार रबडीत मात्र साय मोडायची नसते. ती धरू द्यायची, कढईच्या कडेला लावत जायची आणि अगदी शेवटी आटलेल्या दुधात परत सोडायची. अडचण अशी की ढवळलं तर साय धरत नाही आणि नाही ढवळलं तर दूध खाली लागतं. रबडीतलं सगळं कसब या दोन गोष्टी एकाच कढईत सांभाळण्यात आहे.

दूध लागतं कसं? तापल्यावर दुधातली काही प्रथिनं आणि क्षार गरम धातूला चिकटून तळाशी पातळ थर बसतो. या थरामुळे आच वरच्या दुधापर्यंत नीट पोचत नाही, धातू आणखी तापतो आणि तोच थर आधी तांबूस, मग काळा होतो. शिवाय दूध जसं दाट होतं तसं ते आपोआप खालीवर फिरेनासं होतं. म्हणून सुरुवातीला चालणारी आच तासाभराने चालत नाही. खूप जणांची रबडी शेवटच्या वीस मिनिटांत करपते ती यामुळेच.

कढई पसरट आणि जाड बुडाची हवी. पसरट असली की वाफ लवकर जाते आणि साय धरायला जागा मिळते. घरी जाड हिंडालियमची किंवा तीन थरांच्या स्टीलची कढई उत्तम. पातळ स्टीलच्या पातेल्यात ज्योतीच्या वर्तुळाएवढाच भाग जास्त तापतो आणि दूध नेमकं तिथेच लागतं. दुसरं काही नसेल तर खाली लोखंडी तवा ठेवावा. नॉनस्टिकमध्ये दूध सहसा लागत नाही हे खरं, पण सायसुद्धा कडेला नीट धरून राहत नाही, घसरून परत दुधात येते. रबडीसाठी मी ती वापरणार नाही.

दोन लिटर म्हशीचं दूध घेऊ. होमोजिनाइज्ड दुधाची साय पातळ येते, कारण त्यातलं लोणी वर येत नाही. आधी रिकाम्या कढईचं वजन करून ठेवावं. गोलसर कढईत दुधाची उंची निम्मी झाली म्हणजे दूध निम्मं झालं असं नसतं, ते त्याहून बरंच जास्त आटलेलं असतं. उकळी येईपर्यंत आच मध्यम ठेवावी आणि या टप्प्यात मात्र न थांबता ढवळावं. उकळी आली की आच इतकी उतरवायची की पृष्ठभाग नुसता थरथरेल, मध्ये एखादा बुडबुडा येईल. खळखळ उकळणाऱ्या दुधावर साय टिकत नाही. ज्योत कढईच्या बुडाबाहेरही जाऊ देऊ नये, नाहीतर कडेला लावलेली सायच आधी करपते.

आता हात कसा चालवायचा. चार-पाच मिनिटांत साय धरली की उलथण्याच्या टोकाने ती हलकेच ओढून कढईच्या भिंतीवर, दुधाच्या जरा वर, चिकटवायची. हलवाई वरून पंख्याने वारा घालतात, त्याने साय लवकर धरते. साय सरकवल्यावर दूध उघडं पडतं, तीच तळ खरवडायची वेळ. सपाट कडेचं उलथणं एका बाजूने आत घालून पूर्ण तळावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश न्यायचं आणि बाहेर काढायचं. मग पुढची साय धरेपर्यंत हात लावायचा नाही. गोलगोल ढवळण्याने मधला तळ सुटतो, आणि ज्योत तर बरोबर त्याच्याखाली असते.

तळाची खबर हाताला आधी लागते. उलथणं गुळगुळीत सरकत असेल तर ठीक. ते अडकू किंवा खरखरू लागलं की थर बसतोय असं समजून आच लगेच कमी करावी. वास येईपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

साधारण दीड तासाने, सायीसकट ऐवज पाऊण किलोच्या आसपास आला की शंभर ग्रॅम साखर घालावी. आधी घातली तर दूध लवकर तांबूस होतं आणि तळाला चिकटतंही. साखर विरघळताना रबडी जरा सैल होते, घाबरू नये. पाचेक मिनिटं आटवून गॅस बंद करावा, मग भिंतीवरची साय खरवडून मोठ्या तुकड्यांनी आत सोडावी आणि एकदाच हलवावं. गार झाल्यावर रबडी बरीच दाट होते, म्हणून किंचित सैल असतानाच उतरवलेली बरी.

आणि लागलीच, तर? तळ अजिबात खरवडू नका. कडेची साय वेगळी काढा, वरचं दूध अलगद दुसऱ्या भांड्यात ओता, जळका थर मागे राहू द्या. चव घेऊन पाहा. जळकटपणा नसेल तर स्वच्छ कढईत पुढे आटवा. असेल तर वेलची-केशर घालून तो झाकला जाणार नाही, उलट दूध आटेल तसा तो जास्तच जाणवेल.