अर्धवट वहीतून ताळेबंद

तालुक्याच्या गावातल्या किराणा दुकानात सहसा तीन गोष्टी सापडतात: उधारीची वही, घाऊक व्यापाऱ्यांच्या बिलांचा गठ्ठा आणि बँकेचे पासबुक. रोजची रोख विक्री कुठेच लिहिलेली नसते. कर्जासाठी बँक नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद मागते, तेव्हा हिशेब लिहिणाऱ्याला याच तीन गोष्टींवरून वर्ष उभे करावे लागते.

सुरुवात १ एप्रिलपासून होते. त्या दिवशी दुकानाकडे काय होते आणि देणे किती होते, हे आधी ठरवायचे. समजा रोख आणि बँक मिळून ६० हजार, माल ३ लाख, गिऱ्हाइकांकडून येणे ८० हजार, फ्रिज आणि मांडण्या १ लाख, तर व्यापाऱ्यांचे देणे १ लाख ४० हजार. मालमत्तेतून देणी वजा केली की मालकाचे भांडवल ४ लाख निघते. वर्षअखेरीस रोख व बँक ७० हजार, माल ३ लाख ४० हजार, येणे १ लाख १० हजार आणि देणे १ लाख ७० हजार आहे.

आता गाळलेल्या जागा भरायच्या. उधारीच्या वहीवरून वर्षभरात ३ लाख ५० हजार वसूल झाल्याचे दिसते. येणे ३० हजारांनी वाढले आहे, म्हणजे उधार विक्री ३ लाख ८० हजार. हेच गणित खरेदीलाही लागू पडते. व्यापाऱ्यांना २० लाख ७० हजार दिले, देणे ३० हजारांनी वाढले, म्हणून खरेदी २१ लाख. सुरुवातीचा माल मिळवून अखेरचा वजा केला, की विकलेल्या मालाची किंमत २० लाख ६० हजार ठरते.

राहिली रोख विक्री, आणि ती मागच्या दाराने काढावी लागते. वर्षभरात जे पैसे बाहेर गेले त्यात अखेरची शिल्लक मिळवायची. त्यातून सुरुवातीची शिल्लक आणि उधारीची वसुली वजा करायची. उरलेली रक्कम गल्ल्यातूनच आली असणार. व्यापाऱ्यांखेरीज भाडे, वीज आणि पोऱ्याचा पगार यांवर दीड लाख गेले, हे पावत्यांवरून कळते. घरखर्चाला मालक सांगतात, ‘महिना पंधरा हजार,’ म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार. या आकड्यांनी रोख विक्री २० लाख ६० हजार आणि एकूण विक्री २४ लाख ४० हजार येते. ढोबळ नफा ३ लाख ८० हजार, म्हणजे विक्रीच्या साधारण साडेपंधरा टक्के.

इथे थांबून विचारायला हवे, कारण मालकांच्या अनुभवाने शंभराच्या विक्रीमागे सतरा-अठरा रुपये सुटतात. दोन-अडीच टक्के कुठे गेले? पासबुक पुन्हा चाळले, तर मुलीच्या शाळेची फी, विम्याचा हप्ता आणि लग्नात दिलेला आहेर असे आणखी ६० हजार निघतात. नोंदीत नावे सापडेनात म्हणून ते बाजूला राहिले होते. हा खर्च दुकानाचा नाही, मालकाची उचल आहे. उचल २ लाख ४० हजार धरली, की रोख विक्री २१ लाख २० हजार, एकूण विक्री २५ लाख आणि ढोबळ नफा ४ लाख ४० हजार होतो. दीड लाखाचा खर्च आणि फ्रिज-मांडण्यांचा दहा टक्के घसारा वजा केला की निव्वळ नफा २ लाख ८० हजार.

ताळेबंदही जुळतो. भांडवल ४ लाख, त्यात नफा मिळवून उचल वजा केली की ४ लाख ४० हजार. आणि अखेरची मालमत्ता वजा देणी तेवढीच भरते. मात्र १ लाख ८० हजारांची उचल धरूनही तो तंतोतंत जुळतच होता. उचल कमी लिहिली तर विक्री तेवढीच कमी निघते आणि दोन्ही बाजू पुन्हा समान होतात. त्यामुळे या पद्धतीत ताळेबंद जुळणे हा बरोबरपणाचा पुरावा नाही. खरी तपासणी नफ्याच्या टक्केवारीची, आणि पासबुकातली प्रत्येक मोठी रक्कम कुणाला गेली हे विचारण्याची. उलटी चूकही होते: मालकाने शेतीचे किंवा नातेवाइकाकडून घेतलेले पैसे गल्ल्यात टाकले आणि ते वेगळे काढले नाहीत, तर ते विक्री बनून नफा फुगवतात.

घरी नेलेला तांदूळ-तेलही उचलीत, खरेदीच्या किमतीने, धरायला हवे. तसे ३० हजारांचे सामान असेल, तर विकलेल्या मालाची किंमत तेवढी घटते, नफा ३ लाख १० हजार होतो, उचलही तितकीच वाढते आणि अखेरचे भांडवल तसेच राहते.

सर्वात नाजूक आकडा शिल्लक मालाचा. त्यात २० हजारांची चूक म्हणजे नफ्यातही तेवढीच चूक, आणि ताळेबंद तीही मुकाट्याने पचवतो. ३१ मार्चला माल मोजलेला नसेल, तर एप्रिलमध्ये मोजून मधल्या दिवसांत विकलेला माल खरेदीच्या किमतीने मिळवायचा, नव्याने आलेला वजा करायचा, आणि हा आकडा असा मागे जाऊन काढला आहे हे पत्रकाखाली लिहून ठेवायचे.